हे तिकीट माझ्याच रांगेत का आलं? पाळी आणि स्किलच्या नियमांची उकल

हेल्पडेस्कवर नव्याने बसलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो. शेजारच्याच्या स्क्रीनवर तीन तिकिटं आणि आपल्याकडे अकरा, हे कसं? तिकिटं कुणी हाताने वाटत नाही, सिस्टिमच वाटते. मग ती पक्षपात करते का? करत नाही, पण तिला समानता म्हणजे काय हेही कळत नाही. तिला फक्त दोन प्रश्न माहीत असतात: हे काम कुणाला येतं, आणि आता पाळी कुणाची. या दोन प्रश्नांचा क्रम काय आहे आणि पाळी कशी लक्षात ठेवली जाते, यावर तुमची रांग किती लांब होणार ते ठरतं.

समजायला चार जणांची टीम घेऊ. अ आणि ड यांना फक्त लॉगिनच्या तक्रारी सोडवता येतात. ब ला लॉगिन आणि बिल ही दोन्ही कामं येतात. क ला लॉगिन आणि बिल तर येतंच, शिवाय डेटाही येतो, म्हणजे जुन्या खात्यातली माहिती नव्या खात्यात हलवून देणं. शेवटपर्यंत हेच चौघं आपल्यासोबत असतील.

पहिली पायरी: तिकिटावर कोणतं लेबल लागलंय ते बघा

सिस्टिम तक्रार वाचून समजून घेत नाही, ती लेबल बघते. हे लेबल साधारण तीन ठिकाणांहून येतं. ग्राहकाने फॉर्ममध्ये निवडलेला पर्याय, तक्रार ज्या ईमेल पत्त्यावर आली तो पत्ता, किंवा मजकुरात सापडलेला एखादा शब्द. पहिल्या दोन ठिकाणी फारसा घोळ होत नाही. तिसऱ्या ठिकाणी मात्र रोज होतो.

ग्राहकाने लिहिलं, "बिलाच्या पानावर गेलं की पुन्हा लॉगिन मागतं." ही तक्रार लॉगिनची आहे, अ ती दहा मिनिटांत सोडवेल. पण नियमांच्या यादीत "मजकुरात बिल हा शब्द असेल तर बिल हे लेबल" हा नियम वर असेल, आणि पहिला जुळलेला नियम लागल्यावर खालचे नियम वाचलेच जात नसतील, तर तिकिटावर बिल लागणार. सगळे नियम वाचले जात असतील तर बिल आणि लॉगिन अशी दोन्ही लेबलं लागणार. दोन्ही प्रकारांत हे तिकीट अ आणि ड यांना दिसणारच नाही. ते ब किंवा क कडे जाईल, कारण बिल फक्त त्या दोघांना येतं.

म्हणून कुठल्याही तिकिटाबद्दल शंका आली की आधी त्याचा इतिहास उघडा आणि लेबल कोणी लावलं ते बघा: ग्राहकाने, नियमाने की एखाद्या सहकाऱ्याने. लेबलच चुकीचं असेल तर पुढचा सगळा हिशोब बरोबर होऊनही तिकीट चुकीच्या माणसाकडे जातं, आणि दोष उगाच वाटणीच्या नियमाला दिला जातो.

दुसरी पायरी: चाळणीतून कोण उरलं ते शोधा

लेबल लागल्यावर सिस्टिम टीममधला एकेक माणूस चाळणीतून काढते. तीन गोष्टी बघितल्या जातात. माणूस हजर आहे का, त्याच्या हातात आणखी एका तिकिटाची जागा आहे का, आणि तिकिटाला लागणारी सगळी स्किल त्याच्याकडे आहेत का.

या तिसऱ्या अटीतली एक बारीक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. तिकिटाला हवी ती सगळी स्किल माणसाकडे असली पाहिजेत, पण माणसाकडे त्याहून जास्त असली तरी चालतं. म्हणजे क ला डेटाचं काम येतं म्हणून त्याला लॉगिनच्या तिकिटांतून सूट मिळत नाही. तो लॉगिनच्या चाळणीतून उरतो, बिलाच्या चाळणीतून उरतो आणि डेटाच्या चाळणीतून तर एकटाच उरतो. स्किल वाढलं की दारं वाढतात, आधीचं एकही बंद होत नाही.

हजेरीची अट साधी वाटते, पण सिस्टिम तुम्हाला बघत नाही, तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका बघते. जेवायला जाताना तो तसाच ठेवला की तुमच्या नावावर तिकीट पडतं आणि अर्धा तास कुणीही न उघडता राहतं. उलटंही होतं. परत आल्यावर ठिपका हिरवा करायला विसरलात तर तुमच्या वाट्याची तिकिटं दुसऱ्यांवर जातात आणि तुम्हाला वाटतं, आज काम कमी आहे.

जागेची अट, म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त किती तिकिटं, ही आकड्यात असते. समजा मर्यादा दहाची आहे. आता विचारायचं ते एवढंच की या दहांत कोणती तिकिटं मोजतात. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत थांबलेली तिकिटं मोजली जात असतील, तर तुमच्या नावावर दहा थांबलेली असताना तुम्ही हातावर हात ठेवून बसलेले असाल, तरी सिस्टिमच्या मते तुमची रांग भरलेली असते. मोजली जात नसतील, तर त्या दहांपैकी सहा ग्राहकांनी एकाच सकाळी उत्तर दिलं की हातातल्या कामावर ती सहा परत येऊन बसतात आणि मर्यादा फक्त कागदावर राहते. दोन्ही पद्धती वापरात आहेत. तुमच्याकडे कोणती आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

तिसरी पायरी: पाळीचा काटा कुठे आहे ते बघा

चाळणीतून एकापेक्षा जास्त माणसं उरली तरच पाळीचा प्रश्न येतो. राऊंड रॉबिन म्हणजे आळीपाळी, रहाटगाडग्यासारखी. शेवटचं तिकीट कुणाला दिलं ते लक्षात ठेवायचं, हाच पाळीचा काटा, आणि पुढचं त्याच्या पुढच्याला द्यायचं. यादी संपली की पुन्हा वरून सुरू. गणितात ते एका ओळीत मावतं:

```
next = (last + 1) % n
```

इथे `n` म्हणजे यादीतल्या माणसांची संख्या, `%` म्हणजे भागून उरणारी बाकी, आणि मोजणी शून्यापासून. सगळ्यांना सगळं येत असेल तर ही ओळ पुरते. स्किलची चाळणी तिच्यासोबत आली की मात्र ती अडखळायला लागते. आपल्या चौघांवर सकाळची आठ तिकिटं टाकून बघू. यादीचा क्रम अ, ब, क, ड. नियम असा की काट्याच्या पुढच्या माणसापासून शोध सुरू करायचा, ज्याला काम येत नाही त्याला ओलांडायचं, आणि ज्याला तिकीट दिलं तिथे काटा नेऊन ठेवायचा.

| तिकीट | लेबल | काट्याने दिलं | शेवटच्या वेळेने दिलं |
|---|---|---|---|
| 1 | लॉगिन | अ | अ |
| 2 | लॉगिन | ब | ब |
| 3 | डेटा | क | क |
| 4 | बिल | ब | ब |
| 5 | लॉगिन | क | ड |
| 6 | लॉगिन | ड | अ |
| 7 | बिल | ब | क |
| 8 | लॉगिन | क | ब |

आधी फक्त तिसरा स्तंभ बघा. चौथं तिकीट बिलाचं होतं. काटा क वर होता, म्हणून शोध ड पासून सुरू झाला. ड ला बिल येत नाही, ओलांडला. अ लाही येत नाही, ओलांडला. तिकीट ब ला मिळालं आणि काटाही ब वर आला. इथेच गडबड झाली. ड ची पाळी होती, त्याला काम न देता काटा पुढे निघून गेला. पाचवं तिकीट लॉगिनचं होतं, ते ड ला येत होतं, तरी ते क कडे गेलं, कारण ब च्या पुढे क आहे. सातव्या तिकिटाला हेच अ च्या बाबतीत झालं. आठ तिकिटांनंतर अ कडे एक, ब कडे तीन, क कडे तीन, ड कडे एक. कुणीही काही वावगं केलं नाही, तरी वाटणी 1, 3, 3, 1 झाली.

चौथ्या स्तंभातला नियम वेगळा आहे. त्यात काटाच नाही. प्रत्येकाच्या नावापुढे शेवटचं तिकीट कधी मिळालं ती वेळ लिहिलेली असते, आणि चाळणीतून उरलेल्यांपैकी ज्याची वेळ सगळ्यांत जुनी, त्याला तिकीट. या पद्धतीत ओलांडलेल्या माणसाची पाळी बुडत नाही, तो आपल्या जुन्या वेळेसह रांगेच्या तोंडाशीच उभा राहतो. चौथं तिकीट ब ला गेलं तरी पाचवं लगेच ड ला मिळालं. वाटणी झाली 2, 3, 2, 1, आणि पुढचं लॉगिनचं तिकीट ड चंच असणार. कोडमध्ये चाळणी आणि ही पाळी मिळून एवढंच दिसतं:

```python
fit = [w for w in team
       if w.online and w.open < w.limit
       and task.skills <= w.skills]
pick = min(fit, key=lambda w: w.last_given) if fit else None
```

यात `task.skills <= w.skills` म्हणजे तिकिटाची सगळी स्किल माणसाच्या स्किलमध्ये सामावलेली असणं. शेवटच्या ओळीतल्या `None` कडे मात्र लक्ष असू द्या, त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे.

काट्याच्या पद्धतीला आणखी दोन जुनी दुखणी आहेत. पहिलं, काटा नावावर नसून क्रमांकावर असतो. अ, ब, क, ड यांचे क्रमांक 0 ते 3. शेवटचं तिकीट ब ला, म्हणजे 1 ला मिळालं. पुढचा 2, म्हणजे क. तेवढ्यात अ ने रजा टाकली आणि यादी ब, क, ड अशी झाली. आता 2 वर ड बसला आहे. क ची पाळी कुणालाही न कळता गेली. दुसरं, काही ठिकाणी सर्व्हर रोज रात्री पुन्हा सुरू होतो आणि काटा यादीच्या टोकाला परत जातो. दिवसाला 24 तिकिटं असतील तर काही कळतही नाही, कारण सगळ्यांना सहा-सहा येतात. पण 26 असतील तर वरची दोन तिकिटं रोज अ आणि ब यांनाच. कामाच्या 20 दिवसांत त्यांच्याकडे 140 आणि बाकीच्यांकडे 120. यादी नावाच्या आद्याक्षराने लावलेली असेल तर हा भुर्दंड कुणाला बसणार ते सांगायला नको.

आपल्याकडे काटा आहे की वेळ, हे कळायला सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला शब्द बघावा लागतो. उदाहरणार्थ, अ‍ॅस्टेरिस्क या मुक्त टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये कॉलच्या रांगेची पद्धत `strategy` या नावाने लिहितात. तिथे `rrmemory` म्हणजे काटा लक्षात ठेवणारी आळीपाळी, `leastrecent` म्हणजे सगळ्यांत आधी मोकळा झालेला माणूस, `fewestcalls` म्हणजे ज्याने आतापर्यंत सगळ्यांत कमी कॉल घेतले तो. आणि `linear` म्हणजे दर वेळी यादीच्या वरच्या माणसापासून सुरुवात. हा शेवटचा शब्द दिसला आणि तुमचं नाव यादीत पहिलं असेल, तर बाकी काही शोधायची गरज नाही.

चौथी पायरी: पूर्ण दिवसाचा हिशोब मांडा

आता सुरुवातीच्या अकरा आणि तीनकडे येऊ. समजा दिवसभरात 24 तिकिटं आली: 12 लॉगिन, 8 बिल, 4 डेटा. पुष्कळ सिस्टिममध्ये प्रत्येक स्किलची वेगळी रांग असते आणि प्रत्येक रांगेची पाळीही वेगळी. लॉगिनची रांग चौघांत फिरते, प्रत्येकी तीन. बिलाची रांग ब आणि क या दोघांत फिरते, प्रत्येकी चार. डेटाची रांग फिरायला दुसरं कुणी नाहीच, चारही क ला.

बेरीज करा. अ कडे 3, ड कडे 3, ब कडे 7 आणि क कडे 11. तिन्ही रांगा आपापल्या जागी अगदी समान वाटणी करत आहेत. असमानता त्यांच्या बेरजेत आहे, आणि ती बेरीज कुठलीच रांग बघत नाही. लॉगिनच्या रांगेला हे माहीतच नाही की क च्या हातात आत्ताच डेटाचं तिकीट पडलं आहे.

अ‍ॅस्टेरिस्कमध्ये याच दुखण्याच्या एका भागासाठी `shared_lastcall` नावाचं सेटिंग आहे. ते `yes` केलं की एकाहून जास्त रांगांत असलेल्या माणसाचा शेवटचा कॉल सगळ्या रांगांना दिसतो, आणि एका रांगेतला कॉल संपवून तो नोंद करत असताना दुसरी रांग त्याला घंटी देत नाही. तिकिटांच्या सिस्टिममध्ये अशी सामाईक वेळ आहे का, हा ती सांभाळणाऱ्याला विचारायचा नेमका प्रश्न.

तिकिटांच्या संख्येऐवजी मिनिटं मोजली तर चित्र आणखी तिरकं होतं. लॉगिनला 10 मिनिटं, बिलाला 20 आणि डेटाला 60 धरू. अ आणि ड यांचं काम 30 मिनिटांत संपतं. ब चं 110 मिनिटांत. क ला 350 मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ सहा तास.

पाचवी पायरी: पाळीऐवजी ओझं बघणारा नियम

पाळी सोडून हातातलं काम मोजायचं, ज्याच्याकडे सगळ्यांत कमी त्याला पुढचं द्यायचं, हा उपाय बहुतेक ठिकाणी सुचवला जातो. तो चांगला आहे. आपल्या 24 तिकिटांवर तो नीट बसला तर क ला डेटाची चार आणि बिलाची दोन मिळतील, ब ला बिलाची सहा, आणि लॉगिनची बारा तिकिटं अ आणि ड वाटून घेतील. चौघांकडे सहा-सहा. तिकिटं कुठल्या क्रमाने येतात आणि किती लवकर सुटतात यावर प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील, पण कल मात्र याच बाजूला राहतो: ज्याला एकच काम येतं त्याच्याकडे ते काम सरकतं, आणि ज्याला सगळं येतं तो अवघड कामासाठी मोकळा राहतो.

तरीही मिनिटं बघा: अ आणि ड 60, ब 120, क 280. संख्या सारखी झाली, वेळ झाली नाही. म्हणून काही सिस्टिममध्ये तिकिटाला वजन देता येतं. लॉगिन 1, बिल 2, डेटा 6 असं वजन ठेवलं की क कडे फक्त डेटाची चार राहतात, 240 मिनिटांची. बिलाची आठही ब कडे जातात, 160 मिनिटं. यापुढे नियमात कितीही खटपट केली तरी क ची 240 मिनिटं कमी होणार नाहीत. डेटाचं काम दुसऱ्या कुणाला शिकवलं तरच ती कमी होतील. सेटिंगचे दोन-दोन तास चाललेले वाद या एका आकड्यापाशी थांबायला हवेत, पण बऱ्याचदा तो कुणी काढलेलाच नसतो.

ओझं मोजायच्याही दोन रीती आहेत. सेल्सफोर्सच्या ओम्नी-चॅनल या काम वाटणाऱ्या सोयीत त्यांची नावं `Least Active` आणि `Most Available` अशी आहेत. पहिली रीत हातातलं काम मोजते, दुसरी उरलेली जागा. एकाची मर्यादा दहा आणि हातात चार, दुसऱ्याची मर्यादा पाच आणि हातात तीन. पहिल्या रीतीने पुढचं तिकीट दुसऱ्याला, कारण तीन हे चारांपेक्षा कमी. दुसऱ्या रीतीने ते पहिल्याला, कारण त्याच्याकडे सहा जागा रिकाम्या आहेत आणि दुसऱ्याकडे दोनच. नवख्या माणसाची मर्यादा मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे हा फरक सगळ्यांत आधी त्यालाच जाणवतो.

ओझ्याच्या नियमात एक खड्डा आहे, आणि रजेवरून परतलेला माणूस हमखास त्यात पडतो. बाकीच्यांच्या हातात आठ-आठ तिकिटं, परतलेल्याच्या हातात शून्य. त्याने ठिपका हिरवा केला की दरम्यान कुणाचं तिकीट सुटलं नाही तर पुढची आठ तिकिटं सलग त्याचीच. दहा मिनिटांत आठ नव्या तक्रारी, आणि आठही ग्राहकांना पहिलं उत्तर द्यायचं घड्याळ सुरू. शेवटच्या वेळेच्या नियमात असं होत नाही. तिथे परतलेल्याला पहिलं तिकीट मिळतं आणि तो लगेच रांगेच्या शेवटी जातो. ओझ्याचाच नियम ठेवायचा असेल तर तासाला जास्तीत जास्त किती नवी तिकिटं, अशी वेगळी मर्यादा लावावी. ती सोय नसेल तर परतलेल्या माणसाची एकूण मर्यादा पहिल्या दिवशी तीनवर आणून हळूहळू वाढवावी.

सहावी पायरी: कुणीच उरलं नाही तर?

आता त्या `None` कडे परत येऊ. क रजेवर आहे आणि डेटाचं तिकीट आलं. चाळणीतून कुणीच उरलं नाही. पुढे काय होणार हे कुणी लिहून ठेवलं नसेल तर ते तिकीट कुणाच्याच नावावर लागत नाही. कुणाच्या रांगेत ते दिसत नाही, म्हणून कुणी तक्रारही करत नाही. अशा तिकिटाचा शोध बहुधा ग्राहकाच्या दुसऱ्या, चिडलेल्या ईमेलमुळेच लागतो. तिकिटांच्या यादीत "कुणालाही न दिलेली" अशी चाळणी लावून ती दिवसातून दोनदा बघायची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे हवी.

नेहमीचा उपाय म्हणजे अट ढिली करणं. डेटा हे स्किल पहिली 15 मिनिटं सक्तीचं, त्यानंतर फक्त पसंतीचं. तोपर्यंत क मिळाला नाही तर तिकीट उरलेल्यांपैकी पाळी असलेल्याला. ही मुदत ठरवताना ग्राहकाला पहिलं उत्तर किती वेळात द्यायचं आहे ते बघा. उत्तराची हमी 30 मिनिटांची असताना अट 45 मिनिटांनी ढिली होत असेल, तर तिकीट हातात येईल तेव्हा ते आधीच उशिराचं असेल.

दुसरा मार्ग, स्किलला पातळी देण्याचा. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये हे `penalty` ने करतात:

```
[bill]
strategy = rrmemory
member => PJSIP/101,0
member => PJSIP/102,0
member => PJSIP/103,1
```

शेवटचा आकडा जितका कमी तितका माणूस आधी. 101 आणि 102 यांच्यात आळीपाळी चालते. 103 ला कॉल जातो तो हे दोघंही उपलब्ध नसतील तेव्हाच. नव्याने बिलाचं काम शिकलेल्या माणसाला असं मागच्या फळीत ठेवता येतं. यात गोम एवढीच की पुढची फळी मोकळी असेपर्यंत मागच्याला एकही कॉल येत नाही, म्हणजे ज्याला सरावाची गरज आहे तोच बसून राहतो. आणि गर्दीच्या वेळी, सगळे अडकलेले असताना, तोच एकदम कामाला जुंपला जातो. शिकाऊ माणसाला सराव हवा असेल तर कमी गर्दीच्या तासांत त्याला पुढच्या फळीत आणून ठेवणं जास्त बरं.

सातवी पायरी: स्वतःची रांग तपासा

गेल्या दहा कामाच्या दिवसांत तुमच्या नावावर आलेली तिकिटं काढा आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिल्यात फक्त तुम्हीच सोडवू शकला असतात अशी. दुसऱ्यात तुमच्याशिवाय आणखी कुणी तरी सोडवू शकलं असतं अशी. तिसऱ्यात वाटणीच्या नियमाने न आलेली: ग्राहकाने उत्तर दिल्यामुळे पुन्हा उघडलेली, सहकाऱ्याने तुमच्याकडे वळवलेली, कुणी हाताने दिलेली. तिसरा ढीग मोठा निघाला तर पाळी आणि स्किल यांच्यात शोधत बसू नका, ते काम दुसऱ्याच दाराने येतंय. पुन्हा उघडलेलं तिकीट बहुतेक सिस्टिममध्ये पाळी न बघता आधीच्याच माणसाकडे जातं, त्यामुळे घाईघाईत "सुटलं" म्हणून बंद केलेली तिकिटं याच ढिगात परत भेटतात.

मग अपेक्षित वाटा काढा. टीमला आलेल्या आणि तुम्हाला येत असलेल्या प्रत्येक तिकिटासाठी, ते सोडवू शकणारी हजर माणसं किती हे मोजा आणि एकाला त्या संख्येने भागा. क साठी आपल्या दिवसाचा हिशोब असा येतो: डेटाची 4 तिकिटं, प्रत्येकी 1, म्हणून 4. बिलाची 8 तिकिटं, प्रत्येकी अर्धं, म्हणून 4. लॉगिनची 12 तिकिटं, प्रत्येकी पाव, म्हणून 3. एकूण 11.

पहिल्या दोन ढिगांची बेरीज या अपेक्षित आकड्याच्या जवळपास असेल, तर पाळी नीट चालली आहे आणि बोलायचं ते स्किलच्या यादीबद्दल. तुमच्या नावापुढे कधीकाळी लावलेलं आणि आता नको असलेलं एखादं स्किल काढता येईल का, किंवा लॉगिनच्या रांगेत तुम्हाला मागच्या फळीत ठेवता येईल का, ते विचारा. बेरीज अपेक्षेपेक्षा बरीच जास्त असेल, म्हणजे 11 च्या जागी 15 वगैरे, आणि ते एका दिवसापुरतं नसून दहाही दिवस असेल, तर स्किलची यादी सोडा आणि काटा तपासा. तो रोज सकाळी पहिल्या नावावर परत येतोय का, रजेमुळे यादी बदलली की सरकतोय का, बिलाच्या तिकिटांनी अ आणि ड यांना ओलांडताना त्यांच्या पाळ्या गिळतोय का. तिन्ही ठीक निघालं तर सहकाऱ्यांच्या हजेरीची नोंद आणि त्यांच्या मर्यादेचा आकडा बघायला सांगा. ज्याची मर्यादा चुकून दहाऐवजी एक अशी भरली गेली आहे, तो दिवसभर हिरवा दिसतो आणि त्याच्या वाट्याचं काम तुमच्याकडे येत राहतं.